प्रूफची नोटीस आणि मार्चचा पगार

"अंधेरी एमआयडीसीतल्या एका खासगी कंपनीत मी पेरोल बघते. दर डिसेंबरला इन्व्हेस्टमेंट प्रूफची नोटीस मीच काढते आणि शेवटची तारीख उलटली की बोलणीही मीच खाते. गेल्या मार्चमध्ये एका सहकाऱ्याचा जवळजवळ अख्खा पगार टीडीएसमध्ये गेला. दीड लाख पगार, गोरेगावात पन्नास हजार भाडं, पण घरमालक पॅन देईना म्हणून एचआरए धरता आला नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. साहेब म्हणतात, तारीख म्हणजे तारीख. मला वाटतं, अडलेल्या माणसाला आठ-पंधरा दिवस सोडलं तर काय बिघडतं? यंदाची नोटीस कशी काढू आणि किती कडक राहू?"
— एक वाचक, अंधेरी

ताई, नमस्कार.

तुमची नोटीस मी पाहिलेली नाही, पण या जातीच्या नोटिशी पुष्कळ पाहिल्या आहेत. "सर्व कर्मचाऱ्यांनी गुंतवणुकीची कागदपत्रे अमुक तारखेपर्यंत जमा करावीत. त्यानंतर कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही." तुमचीही साधारण अशीच असेल, तर भांडणाचं मूळ तिथेच आहे. तारखेनंतर नेमकं काय होणार हे ती सांगत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की तारीख गेली म्हणजे सवलत बुडाली, आणि ती बुडवली पेरोलवाल्या बाईने. किती कडक राहायचं हे आपण नंतर बघू. आधी ही नोटीस कोणासाठी आहे ते ठरवा.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नवी करप्रणाली हीच मूळ धरलेली आहे. कर्मचाऱ्याने काहीच कळवलं नाही तर कंपनी नव्या प्रणालीनेच टीडीएस कापते. या प्रणालीत एचआरए नाही, ८०सी नाही, मेडिक्लेम नाही, राहत्या घराच्या कर्जाचं व्याजही नाही. पण ७५ हजारांची प्रमाणित वजावट आहे आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ८७ए खाली सगळा कर माफ आहे. म्हणजे ज्याचा वर्षाचा पगार १२ लाख ७५ हजारांच्या आत आहे आणि बाहेरचं उत्पन्न काही नाही, त्याला पगारावर कर शून्य. एफडीचं व्याज असेल तर ते मात्र या १२ लाखांत मोजलं जातं, हे सांगून ठेवा.

आता तुमचा पगारपट उघडा आणि १२ लाख ७५ हजारांच्या खाली किती जण आहेत ते पाहा. बहुतेक कंपन्यांत निम्म्याहून जास्त माणसं या रेघेखाली निघतील. त्यांच्याकडून एलआयसीच्या पावत्या आणि शाळेच्या फीच्या झेरॉक्स कशासाठी घ्यायच्या? दरवर्षी आणतात म्हणून ते आणतात, दरवर्षी घेतात म्हणून तुम्ही घेता आणि फायली फुगतात. नोटिशीच्या पहिल्याच ओळीत त्यांना मोकळं करा. तुमच्यापुढची रांग तिथेच अर्धी होईल आणि खरी अडचण असलेल्या माणसाकडे बघायला तुम्हाला वेळ मिळेल.

आता तुमचे सहकारी. गेल्या वर्षीचे नव्या प्रणालीचे दर वेगळे होते, म्हणून त्यांचा हिशोब यंदाच्या दरांनी मांडते. पगार वर्षाला १८ लाख. बेसिक निम्मं, म्हणजे ९ लाख, आणि एचआरए साडेचार लाख असं धरू. भाडं वर्षाला ६ लाख. एचआरएची सूट तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याइतकी मिळते: हातात आलेला एचआरए (४,५०,०००), भाड्यातून बेसिकचे दहा टक्के वजा करून उरलेली रक्कम (५,१०,०००) आणि घर मुंबईत असल्यास बेसिकचे पन्नास टक्के (४,५०,०००). म्हणजे साडेचार लाख. त्यात ८०सीचे दीड लाख, स्वतःच्या मेडिक्लेमचे २५ हजार, ज्येष्ठ आईवडिलांच्या मेडिक्लेमचे ५० हजार, जुन्या प्रणालीतली ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कराचे अडीच हजार धरले, तर करपात्र उत्पन्न १०,७२,५०० उरतं. सेससकट कर १,३९,६२०. हाच माणूस नव्या प्रणालीत गेला तर कर १,५०,८००.

म्हणजे इतकं सगळं करून, सगळे कागद जमवून, जुन्या प्रणालीत त्याचे वर्षाला ११,१८० रुपये वाचतात. अठरा लाखांच्या पगाराला प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर सोडून साधारण ६ लाख ४० हजारांच्या वर वजावटी जमल्या तरच यंदा जुनी प्रणाली परवडते. "मी तर वर्षानुवर्षं जुनीच घेतो" म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी हा हिशोब केलेलाच नसतो.

आणि घरमालकाचा पॅन मिळाला नाही, एचआरए उडाला, पण माणूस जुन्याच प्रणालीत राहिला, तर? करपात्र उत्पन्न १५,२२,५०० आणि कर २,८०,०२०. फरक १,४०,४०० रुपयांचा. एप्रिलपासून एचआरए मिळणार असं धरून तुम्ही महिन्याला साधारण साडेअकरा हजार कापत आलात, आणि मार्चचा पगार करताना तो एचआरए काढला, तर दीड लाखाच्या पगारातून हे एक लाख चाळीस हजार एकदम जाणार. त्यात पीएफ वेगळा. हातात काही उरतच नाही. गेल्या मार्चमध्ये हेच झालं असणार.

इथे तुमचं चुकलं का? एचआरए नाकारण्यात नाही. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर फॉर्म १२बीबीमध्ये घरमालकाचा पॅन द्यावाच लागतो. हा फॉर्म कर्मचाऱ्याच्या सहीचा असतो आणि त्यावर विसंबून कंपनी कमी कर कापते. पुराव्याशिवाय सूट दिली आणि उद्या ती टिकली नाही, तर न कापलेला कर आणि त्यावरचं व्याज कंपनीच्या माथी येऊ शकतं. तेव्हा कागदाच्या बाबतीत साहेब बरोबर आहेत, तिथे ढील देऊ नका. पण नाकारलं कधी, हा प्रश्न मी विचारेन. जानेवारीत कळवलं असतं तर तीच रक्कम तीन पगारांत विभागली गेली असती, महिन्याला ४६,८०० रुपये. तेही जड आहेच, पण त्यात घर चालतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला प्रणाली बदलायची संधी देता आली असती. यंदाच्या दरांनी बघा: एचआरए जाणार असं दिसताच तो नव्या प्रणालीत गेला, तर १,४०,४०० चा खड्डा ११,१८० वर येतो.

वर्षाच्या मध्ये प्रणाली बदलू द्यायची की नाही हे कंपन्या आपापल्या धोरणाप्रमाणे ठरवतात. काहींच्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिलचा पर्याय बंदच होऊन जातो. तुमच्याकडे तसं असेल तर साहेबांशी बोलायची गोष्ट ही आहे. आठ-पंधरा दिवसांची सूट मागू नका. प्रूफ तपासून झाल्यावर, जानेवारीचा पगार करण्याआधी, एकदा प्रणाली बदलायची मुभा मागा. ती सगळ्यांना सारखी असेल, त्यामुळे ओळखीचा-अनोळखी हा प्रश्नच येत नाही.

पॅनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मुंबईत गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. घरमालक पॅन देत नाही म्हणजे भाडं उत्पन्नात दाखवायची त्याची तयारी नसते. भाडेकरू आग्रह धरायला घाबरतो, कारण अकरा महिन्यांनी करार पुन्हा करायचा असतो. पण महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. अशा करारात मालकाच्या नाव-पत्त्यापुढे अनेकदा पॅन छापलेला असतो. म्हणून सहकाऱ्याला "मालकाकडून पॅन आणा" म्हणण्याआधी "कराराची प्रत दाखवा" म्हणा. पानं उलटून पाहिली की पुष्कळदा प्रश्न तिथेच मिटतो. पॅन कार्डची झेरॉक्स हवीच असा हट्ट धरू नका, फॉर्मला नंबर लागतो.

मालकाकडे खरोखरच पॅन नसेल तर त्याच्या सहीचं, नाव-पत्त्यासह तसं निवेदन घ्यायची पद्धत आहे. मात्र महिन्याला पन्नास हजार भाडं घेणारा माणूस "माझ्याकडे पॅनच नाही" म्हणत असेल, तर माझा विश्वास बसणार नाही, तुमचाही बसू नये. आणि भाडं पन्नास हजारांच्या वर एक रुपया जरी गेलं तरी भाडेकरूला स्वतः भाड्यातून दोन टक्के टीडीएस कापून फॉर्म २६क्यूसीने भरावा लागतो. पुढच्या करारात भाडं वाढलं तर तुमच्या सहकाऱ्याला हे लागू होईल. त्यासाठीही मालकाचा पॅन हवाच, नाहीतर कापायचा दर वीस टक्क्यांवर जातो.

एक गंमत तुमच्या ठाण्या-डोंबिवलीच्या लोकांसाठी. एचआरएचा पन्नास टक्क्यांचा दर घर कुठे आहे यावर ठरतो, ऑफिस कुठे आहे यावर नाही. नियमात नाव मुंबईचं आहे. ठाणे, वसई, नवी मुंबई त्यात धरत नाहीत, तिथे चाळीस टक्के. आपल्या उदाहरणातला माणूस मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे राहायला गेला, भाडं तेवढंच राहिलं, तर त्याची सूट साडेचार लाखांवरून ३ लाख ६० हजारांवर येते. जुन्या प्रणालीतला कर १,६७,७०० होतो आणि नवी प्रणाली सतरा हजारांनी स्वस्त पडते. फॉर्मवरचा पत्ता नीट वाचा. अंधेरीचं ऑफिस बघून सगळ्यांना पन्नास टक्के लावणारे पेरोल मी पाहिले आहेत.

आता तारखेबद्दल. जानेवारीची तारीख कायद्याने दिलेली नाही, ती कंपनीची आहे. मार्चअखेर पूर्ण वर्षाचा टीडीएस जुळला पाहिजे आणि जूनच्या १५ तारखेपर्यंत फॉर्म १६ दिला पाहिजे, म्हणून कंपनी मागे मोजत येऊन ती ठरवते. ती चुकली तर कंपनी जास्त कर कापते, इतकंच होतं. सवलतीचा हक्क जात नाही. खर्च खरा असेल, ३१ मार्चपर्यंत झालेला असेल आणि पुरावा हाताशी असेल, तर माणूस रिटर्नमध्ये ती वजावट स्वतः मागू शकतो आणि जास्तीचा कर परत मिळवू शकतो. कंपनीला सांगितलेली प्रणालीही रिटर्नमध्ये बदलता येते, धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला दरवर्षी. अट एकच आहे: जुनी प्रणाली घ्यायची असेल तर रिटर्न मुदतीत भरायला हवं, म्हणजे एरवी ३१ जुलैपर्यंत. मुदतीनंतर भरलेलं रिटर्न नव्या प्रणालीतच धरलं जातं.

म्हणून आठ-पंधरा दिवस सोडायचा विचार मला पटत नाही. त्याने एकाची सोय होते आणि पगाराचं काम अडतं, आणि ज्याला सोडलं नाही तो वर्षभर लक्षात ठेवतो. तारखेला कडक राहा, पण "यानंतर रिटर्नमध्ये मागा" हे त्याच नोटिशीत लिहा. गेल्या वर्षीचं रिटर्न भरायची मुदत वाढून १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत गेली होती. तुमच्या सहकाऱ्याने त्याआधी, करार आणि बँकेतून भाडं दिल्याच्या नोंदी हाताशी ठेवून, रिटर्नमध्ये एचआरए मागितला असेल तर ते पैसे परतही आले असतील. मागितला नसेल, तर त्याला ही वाट कोणी सांगितलीच नसेल. एकदा विचारा त्याला. अबोला सुटायलाही निमित्त होईल.

नोटिशीचा मसुदा देते. तारखा तुमच्या पगाराच्या दिवसाप्रमाणे बदला.

*विषय: आर्थिक वर्ष २०२५-२६, करबचतीचे पुरावे*

*तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर एचआरए, ८०सी, मेडिक्लेम यांचे पुरावे देऊ नका. त्यांचा उपयोग होणार नाही. आपण कोणत्या प्रणालीत आहोत हे नोव्हेंबरच्या पगारपत्रकावर पाहा.*

*जुन्या प्रणालीत असाल तर सही केलेला फॉर्म १२बीबी आणि पुरावे ५ जानेवारीपर्यंत द्या. भाड्यासाठी: नोंदणीकृत करार, भाडेपावत्या किंवा बँकेतील नोंदी, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असल्यास घरमालकाचा पॅन. गृहकर्जासाठी: बँकेचा ३१ मार्चपर्यंतचा व्याजाचा अंदाजित दाखला, बँकेचा पॅन आणि घराचा ताबा मिळाल्याचा कागद. मेडिक्लेमसाठी: प्रीमियमचा दाखला, रोखीने भरलेला प्रीमियम चालत नाही. शाळेच्या फीसाठी: पावतीवर शिकवणी शुल्क वेगळं दाखवलेलं असावं; बस, देणगी, विकास निधी धरला जात नाही. पगारातून कापलेल्या पीएफचा पुरावा नको, तो आमच्याकडे आहे.*

*जे पुरावे अपुरे असतील ते तुम्हाला १२ जानेवारीपर्यंत लेखी कळवू. दुरुस्तीची आणि प्रणाली बदलण्याची शेवटची तारीख २० जानेवारी. त्यानंतर आलेले पुरावे पगारात धरले जाणार नाहीत आणि वाढीव कर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तीन पगारांतून कापला जाईल. तुमची सवलत यामुळे बुडत नाही. ती प्राप्तिकर रिटर्नमध्ये मुदतीत मागता येईल.*

पीएफची ओळ किरकोळ वाटेल, पण ती ठेवा. वरच्या उदाहरणात पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल तर महिन्याला नऊ हजार, वर्षाला १,०८,००० होतात. ८०सीच्या दीड लाखातली एवढी जागा आधीच भरलेली. पुरावा हवा फक्त ४२ हजारांचा. हे ठाऊक नसल्यामुळे लोक जानेवारीत धावतपळत एखादी पॉलिसी गळ्यात बांधून घेतात आणि पुढची पंधरा वर्षं हप्ते भरतात.

ताब्याच्या कागदाची ओळही तशीच. पनवेल-कल्याणकडे बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचे हप्ते भरणारे तुमच्याकडे असतीलच. ताबा मिळेपर्यंत त्या व्याजाची वजावट मिळत नाही. ताब्याच्या वर्षापासून ते पाच समान भागांत मागता येतं. हप्ता दर महिन्याला खात्यातून जातो, बँक दाखलाही देते, त्यामुळे वजावट नाकारली की माणूस खवळतो. त्याला हे डिसेंबरातच सांगितलेलं बरं.

जानेवारीनंतर भरायचे प्रीमियम किंवा एसआयपी यांचं काय, हा प्रश्न हमखास येईल. गेल्या वर्षीची पावती आणि "३१ मार्चपर्यंत भरेन" अशी सही केलेली हमी घेऊन बऱ्याच कंपन्या ते धरतात. तुम्ही धरणार असाल तर सगळ्यांचं धरा, नसाल तर तसं नोटिशीत लिहा.

आणि वर्षाच्या मध्ये रुजू झालेल्यांना वेगळा निरोप पाठवा. ऑगस्टमध्ये आलेल्या माणसाने आधीच्या कंपनीतला पगार आणि कापलेला कर फॉर्म १२बीमध्ये दिला नाही, तर तुमचं पेरोल त्याचं वर्ष ऑगस्टपासूनच सुरू झालं असं समजून हिशोब करतं. प्रमाणित वजावट आणि शून्य कराचा टप्पा त्याला दोन्हीकडे मिळतो, आणि रिटर्न भरताना हजारो रुपये खिशातून भरावे लागतात. वर सांगितलेली १२ लाख ७५ हजारांची रेघही त्याच्यासाठी दोन्ही पगार मिळून मोजायची. तुमच्या पगारपटावर तो रेघेखाली दिसेल, म्हणून त्याला पहिल्या ओळीत मोकळं करू नका.